तिथं मिळतच नाही

आई, मी दारू पीत नाही. हे वाक्य मी तुला इतक्या वेळा ऐकवलं आहे की तू नुसतं "बरं" म्हणशील आणि मांडीवरच्या वह्या तपासत राहशील, मला माहीत आहे. तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली, आणि अजूनही तुझं ते "बरं" कानात तसंच आहे, वर बघायचंसुद्धा नाही असं. म्हणून या वेळी नुसतं सांगत नाही, नीट समजावून सांगतो. वर्गात पोरांना तू म्हणायचीस, उत्तर कुणीही शेजारच्याचं बघून लिहील, मला रीत दाखवा. तर ही रीत. मधे थांबवू नकोस, कारण यात काही गोष्टी तुला ठाऊक नाहीत आणि एक अशी आहे की ती सांगायला मला इतकी वर्षं लागली.

कुकटपल्लीचा आमचा फ्रिजचा कारखाना बंद पडला तिथून सुरुवात झाली असं तू सगळ्यांना सांगायचीस. ते खरं नाही. बाहेरचे फ्रिज आणि कूलर बाजारात आले, आमच्या मालाला कुणी विचारेना, एक दिवस फाटकाला कुलूप लागलं, हे सगळं खरं. पण त्याच्या आधी चार वर्षं मी दुसऱ्या पाळीनंतर मंडळींबरोबर बसतच होतो. फक्त तेव्हा सकाळी कामावर जायचं असायचं, म्हणून ते झाकलेलं होतं. कुलूप लागलं आणि झाकण उडालं. मी दुपारपासून पिऊ लागलो, मग सकाळी हात थरथरतात म्हणून सकाळीही. हात थरथरतात म्हणून प्यायची आणि प्यायलो म्हणून थरथरतात, हे चक्र मला तेव्हा कळत नव्हतं. तुला तर ते फक्त निर्लज्जपणा दिसायचा. तू कुणा वैद्याकडून आणलेली पूड माझ्या वरणात कालवायचीस, ती मला पहिल्या घासालाच कळली होती. इतकं कडू वरण अंबरपेठेत दुसऱ्या कुठल्या घरी शिजलं नसेल. मी मुकाट्यानं जेवायचो. तुझ्याशी भांडण्यापेक्षा ते सोपं होतं.

मग राज्यात दारूबंदी आली. तू त्या दिवशी शिरा केलास. शेजारच्या तेलुगू काकूंना वाटी नेऊन दिलीस आणि परत येताना तुझं तोंड असं उजळलं होतं जणू सरकारनं ती बंदी तुझ्याच अर्जावरून घातली. पंधरा दिवसांनी मी पुन्हा तसाच आलो तेव्हा तू दारातच बसलीस. म्हणालीस, "अरे, दुकानं बंद, मग तुला कोण द्यायलंय?"  बिदरकडून चोरून येणाऱ्या गाड्या होत्या, दुप्पट भाव होता, आणि नीट मापात मिळत नसल्यामुळे मिळेल तेव्हा मिळेल तेवढी प्यायची अशी नवीनच खोड लागली होती. त्या दिवशी तू ठरवलंस. मला अजून तुझे शब्द आठवतात: "इथली बंदी कागदावर आहे. जिथं ती पाठीवर बसते तिथं जा." आखातातल्या त्या देशात कुणी पिऊन सापडला तर फटके मारतात, हे तू कुठूनतरी ऐकून आली होतीस. लोक पोरांना पैशासाठी आखातात धाडायचे. तू मला दारूमुक्ती केंद्रात ठेवावं तसं एका अख्ख्या देशात ठेवलंस. हसू नकोस, पण अशी युक्ती तुझ्यासारखी गणिताची बाईच काढू जाणे.

नामपल्लीच्या एजंटाच्या कचेरीत तू माझ्याबरोबर आलीस. बाकी सगळ्यांबरोबर भाऊ नाहीतर मामा, आणि माझ्याबरोबर नऊवारी नेसून, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली तू. एजंटानं विचारलं, "अम्मा, पगार का नई पूछे आप?" तू म्हणालीस, "पगार रहने दो. वहाँ मिलता तो नई ना?" त्याला काही कळलं नाही. मला कळलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुझा राग आला होता खूप. आज त्याच आठवणीनं मला तुझी इतकी माया येते की काय सांगू.

आता रीत सुरू होते. मी निघायच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, पोटभर प्यायलो. पुढे मिळणार नाही, म्हणून साठा करावा तसा. गुरुवारी विमान, रात्री कामगारांच्या कँपातल्या खोलीवर. झोप नाही, अंगावर घामाच्या धारा, छाती धडधडते आहे. शुक्रवारी सकाळी भिंतीवर मुंग्यांची रांग दिसली, ती झटकायला गेलो तर भिंत कोरी. खोलीतली माणसं नवीन हवेचा त्रास म्हणत होती. दुपारी जेवणाच्या रांगेत माझ्या हातातलं ताट पडलं, तेवढं आठवतं. पुढे मला फीट आली होती. शुद्धीवर आलो तर जीभ चावलेली, आणि समोर कंपनीच्या दवाखान्यातले डॉक्टर. गंमत बघ, ते आपल्याच गावचे निघाले, मलकपेठचे, नदीपलीकडचे. त्यांनी हळूच विचारलं, "आखरी बार कब पिये?" मी म्हटलं, मी घेतच नाही. ते म्हणाले, "मैं पोलीस नई हूँ मियाँ. दवा उसी पे है. झूट बोलेंगे तो जान जाती." तरी मी अर्धंच खरं सांगितलं: कधीमधी घेतो.

त्यांनी पुरतं ओळखलं असणार. मला आठवडाभर ठेवून घेतलं. आधी दंडात जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, मग सलाईन. त्यात हाच क्रम पाहिजे, उलटा नाही, असं ते नर्सला बजावत होते. मग मेंदू शांत ठेवणाऱ्या गोळ्या, पहिल्या दिवशी भरपूर आणि नंतर रोज थोड्या कमी. दर काही तासांनी मला हात समोर ताणून धरायला सांगायचे, बोटं किती हलतात ते बघायचे, शंभरातून सात-सात वजा करायला लावायचे. (गणिताच्या बाईचा मुलगा शहाऐंशीवर अडकला, हे तुला कळलं नाही हे बरं.) उठून बसता आल्यावर त्यांनी समजावलं. रोज पिणाऱ्याच्या डोक्यावर दारूचं वजन बसलेलं असतं आणि डोकं त्या वजनाला रेटून धरायला शिकतं. वजन एकदम उचललं की ते रेटणं थांबत नाही, सगळं अंग उसळतं. असं सोडताना माणसं मरतातसुद्धा. "रोज पीने वाले ने एकदम बंद नई करना. अस्पताल में करना, डॉक्टर के सामने." आई, तुझा यात काडीचा दोष नाही. तुला कुणी सांगितलं नव्हतं, मलाही नव्हतं, आणि आपल्या गल्लीत तर सगळे म्हणायचे की मनाचा निग्रह पाहिजे. तुझं पत्र आलं, "पोचलास, सुटलास." मी उलट टपाली लिहिलं, हो, हवा मानवली.

आता दुसरी गोष्ट. यापुढचं वाचवत नसेल तर चष्मा काढून ठेव जरा वेळ.

दर शुक्रवारी मी फोन करायचो. तू अर्धा तास आधीच कोपऱ्यावरच्या दुकानात, त्या पिवळ्या पाटीखालच्या फोनजवळ जाऊन बसायचीस. दुकानात गिऱ्हाईकं, म्हणून तू नाव घ्यायची नाहीस, आवाज खाली करून एवढंच म्हणायचीस, "ते नाही ना रे?" आणि मी म्हणायचो, "इथं मिळतच नाही गं." पहिले आठ महिने ते खरं होतं. त्यात माझं कौतुक काही नव्हतं, समोर नव्हती म्हणून पीत नव्हतो. नवव्या महिन्यात कँपातली काही माणसं माझ्याकडे आली. त्यांनी दारू गाळायचं एक खटलं उभं केलं होतं, चोरून, पाण्याच्या टाकीमागं, आणि त्याची तांब्याची नळी नीट बसत नव्हती. तांब्याची नळी वाकवणं हे माझं काम. फ्रिजच्या नळीला माझ्या हातून कधी चुण्या पडत नाहीत, याचं तू पाहुण्यांपुढे कोण कौतुक करायचीस. ती नळी मी वाकवून दिली. पहिला पेला मलाच मिळाला. ज्या देशात मिळत नाही म्हणून तू मला पाठवलंस, तिथं ती काढायला मी मदत केली. पुढचं सव्वा वर्ष मी तुला शुक्रवारी तेच वाक्य ऐकवत होतो, कधी कधी तोंडात वेलदोडा ठेवून, फोनमधून वास जात असल्यासारखं.

मग रजा. तू स्टेशनावर मला बघून रडलीस, "भरलास रे" म्हणालीस. ते भरणं सुजेचं होतं. आठवडाभर तू मला घेऊन घरोघर हिंडलीस, बंदी अजून होती, आणि तू सगळ्यांना सांगत होतीस की माझा मुलगा सुटला. नामपल्लीच्या प्रदर्शनाला आपण गेलो, तू एका दुकानात स्टीलचे डबे ठोकून ठोकून बघत होतीस, आणि मी पाणी आणतो म्हणून गेलो तो दीड तासानं आलो. कारखान्यातला जुना एकजण भेटला होता.  रिक्षात माझ्या शेजारी बसलीस, पदर नाकाला. घरी आल्यावर माझी बॅग माळ्यावरून काढलीस आणि कपडे घालायला लागलीस. रजेचे अजून अठरा दिवस होते. मी विचारलं, "काय करायलीस?" तू म्हणालीस, "तिकीट अलीकडं ओढून घे. तिथंच बरा होतास तू. इथं आलास की तू माझा राहत न्हाईस." मी ओरडलो, तुला मी नकोच आहे, तुला माझी मनीऑर्डर पाहिजे. असं मी बोललो, आई. तू वळूनही पाहिलं नाहीस, माझ्या शर्टांच्या घड्या घालत राहिलीस, आणि घड्या तुझ्यासारख्या कधी कुणाला जमल्या नाहीत.

तुला वाटत असेल की त्या अपमानानं मी सोडली. नाही गं. परत गेलो आणि त्या रागावर तीन महिने अजून जास्त प्यायलो. मी सोडली त्याला कारण म्हणावं असं काही मोठं घडलंच नाही, हेच मला तुला सांगायचं आहे, कारण लोक असल्या गोष्टीत नेहमी काहीतरी मोठं शोधतात. एका सकाळी शीतगृहात काम करत होतो. नळी जोडायची होती आणि हात इतका थरथरत होता की ज्योत एका जागी धरता येईना. मी सांधा जाळला. मदतनीसानं माझ्या हातातून बत्ती काढून घेतली आणि तो सांधा जोडला. मी हत्यारं पुसून ठेवली आणि सरळ दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला, आखरी बार कब पिये, आणि मी घड्याळात बघून म्हणालो, चार तासांपूर्वी. रोज किती, कधीपासून, कुठून, नळी कुणी वाकवली, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बस. आज से इलाज शुरू. पिछले वक्त तो सिर्फ जान बचाए थे."

या वेळी आधीपासून गोळ्या, त्यांच्या नजरेसमोर, म्हणून फीट आली नाही. अंगातून दारू जायला आठवडा लागला. डोक्यातून जायला किती लागतो याचं उत्तर अजून चालू आहे. डॉक्टरांनी मला आणखी एक गोळी समजावून सांगितली: ती रोज घेतली आणि वर दारू प्यायली तर तोंड लाल होतं, उलट्या होतात, रक्तदाब पडतो, जीवावरही बेततं. म्हणून ती घेणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायची, जेवणात कालवून कधीच नाही. मला तुझं वरण आठवलं आणि मी हसत सुटलो. देवाची कृपा, तुझ्या वैद्याची पूड नुसती कडूच होती. ती गोळी मी सहा महिने घेतली, रोज सकाळी नर्ससमोर. तिचा फायदा इतकाच की दिवसभर ठरवायचं काम एकदाच सकाळी उरकायचं.

बाकीचं शुक्रवारी शिकलो. डॉक्टरांच्या घरी त्यांना धरून आम्ही सहाजण जमायचो, एक नेल्लोरचा, दोन केरळचे, एक लाहोरचा, चहा आणि बिस्किटं. एकेकानं बोलायचं, बाकीच्यांनी उपदेश करायचा नाही. कधीच पिणार नाही असं म्हणायचं नाही, आज नाही एवढंच म्हणायचं. इच्छा आली की ती लाट असते, वीस मिनिटांत बहुतेक ओसरते, तेवढा वेळ काहीतरी खायचं, कुणाला तरी हाक मारायची, जागा सोडायची. भूक, राग, एकटेपणा, थकवा, यातलं काय आहे ते आधी तपासायचं. मला निम्म्या वेळा नुसती भूक असायची! दारू सुटल्यावर गोडाची भयंकर ओढ लागते. मी तुला शेंगदाण्याचे लाडू पाठव म्हणून पत्रावर पत्रं लिहिली ती तेव्हाच. तू येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाती डबे धाडलेस आणि ताईला म्हणालीस, त्याला घरची आठवण येते आहे. येत होतीच. पण ते लाडू औषधही होते, आणि तू नकळत मला खरं औषध दिलंस ते हेच. एकदा पाचव्या महिन्यात, गोळी दोन आठवडे चुकवून, मी घसरलोही. दुसऱ्याच दिवशी बैठकीत सांगितलं. लाहोरवाल्यानं फक्त माझा चहा पुन्हा भरला.

आणि आता ते एक. इलाज सुरू होऊन नऊ महिने झाले होते. शुक्रवार, तू फोनवर. मी आधीच्या सबंध आठवड्यात मनात तयारी केली होती. म्हणालो, "आई, मी सोडली."  तू म्हणालीस, "म्हंजे? तिथं मिळतच नाही म्हणालास की." दुकानातला तराजू वाजत होता, तो ऐकू येत होता. तुला खरं पटवायचं तर आधीचं सगळं खोटं उघडं करावं लागणार होतं. तू मला तीन वर्षं दूर ठेवलंस, सणवार एकटीनं काढलेस, त्याचा आधार एवढाच होता की पोरगा तिथं सुरक्षित आहे. तो काढून कसा घेऊ? मी म्हणालो, "हो गं, तेच. मिळत नाही, म्हणून सुटली." तू म्हणालीस, "मग अजून एक करार कर राजा. आता इकडची बंदीही उठली. तिथंच बरा आहेस." मी हो म्हणालो. त्या करारात तू गेलीस. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ताईनं नंतर सांगितलं की तू शेवटी शेवटी रोज विचारायचीस, याला आता बोलवावं का, आणि स्वतःच म्हणायचीस, नको, बिघडेल. खरं सांगितलं असतं तर तू रागावली असतीस, महिनाभर बोलली नसतीस, आणि मग मला बोलावलं असतंस. हे मला पक्कं माहीत आहे. दारूनं माझं जे नेलं त्यात हे सगळ्यात मोठं, आणि ते मी पीत नसताना नेलं.

तुझ्या काळजीपुरतं सांगतो. आता मी दुसऱ्या शहरात आहे, इथं उघडपणे मिळते. मी एका मोठ्या हॉटेलात शीतयंत्रं सांभाळतो आणि त्यात बारच्या मागची थंड कोठीही येते. पहिलं वर्ष मी साहेबांना कारण सांगून ते काम दुसऱ्याला द्यायला लावलं; लाज वाटली, पण मागितलं. आता करतो. पेट्या छतापर्यंत असतात, मी तापमान बघतो, पंख्यावरचं बर्फ काढतो, दार लावतो. एकटा जात नाही, कुणाला तरी बरोबर घेतो. हात ताणून धरले तर बोटं हलत नाहीत. बैठक इथंही आहे, आता नवीन आलेल्याला आखरी बार कब हे मी विचारतो.

हे पत्र पाठवणार नाही. अंबरपेठच्या घरी पाठवलं तर ते ताई उघडेल, आणि तिच्या मनात मी तिकडे पहिल्या दिवसापासून सुटलेला आहे. एकदा कधीतरी तिला समोर बसून सांगेन. मी आता काळजी करू नकोस असं लिहून थांबणार होतो. पण खोटं बोलायचं नाही असं ठरलंय ना आपलं. परवा संध्याकाळी, काही कारण नसताना, वीस मिनिटं खूप इच्छा झाली. मी जिन्यात जाऊन बसलो आणि कुणीतरी फोनवर आवाज खाली करून विचारावं असं फार वाटलं. तेव्हा काळजी कर, आई. थोडी कर. तेवढी मला अजून लागते.